तक्त्यातली पाचवी ओळ

मामा गेले त्याला आता पाच महिने झाले. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ते मी नसतो तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर शिकवलं, लिहिलं नाही. परीक्षेच्या सूचना, रजेचे अर्ज आणि एक तक्ता, एवढंच माझं लेखन. पण त्या तक्त्याशीच हे सगळं जोडलेलं आहे, म्हणून बसलो.

मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, आमच्या हॉस्पिटलात पेशंटची ट्रॉली ढकलायचे. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेमधून वॉर्डात, तिथून ऑपरेशनला. इमारत जुनी होती आणि लिफ्टच्या दारात एक बोटभर उंचीची पायरी राहून गेलेली होती. तिथे ट्रॉली आदळायची आणि पेशंट कळवळायचा. मामा मात्र तिथे आले की ट्रॉलीचं पुढचं टोक हाताने अलगद उचलायचे. दिवसातून चाळीस वेळा. "आतल्या माणसाला कळता कामा नये की पायरी होती," म्हणायचे. त्या उचलण्यानेच त्यांची कंबर गेली, असं मला वाटतं. त्यांना ते पटायचं नाही.

अडतिसाव्या वर्षी एका सकाळी ते वाकले ते सरळच होईनात. डाव्या नितंबापासून कळ निघाली ती नडगीच्या बाहेरच्या बाजूने थेट अंगठ्यापर्यंत. महिनाभर आमच्या फिजिओथेरपीच्या विभागात ते माझ्या हाताखाली होते. कळ गेली. अंगठा मात्र पुरता सावरला नाही. डाव्या पायाचा अंगठा वर उचला म्हटलं की तो अर्धवट उठायचा, आणि मी बोटाने दाबला की लगेच पडायचा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या फटीत कापूस फिरवला तर त्यांना कळायचं नाही. बाकी पाय ठणठणीत. शिकवायला याहून स्वच्छ केस मिळत नाही.

हे सांगताना तक्ता दाखवावाच लागेल, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः स्केचपेनने काढून लावला होता. शेवटचा रकाना मामांचा. 'मूळ' म्हणजे कण्यातून पायाकडे निघणारी नस (एल कमरेतली, एस तिच्याखालची), आणि 'झटका' म्हणजे रबरी हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडतो तो.

| मूळ | कातडीचा पट्टा | तपासायची ताकद | झटका | उदाहरण: डावा पाय |
|---|---|---|---|---|
| एल-टू | मांडीची पुढची बाजू, वरचा भाग | मांडी पोटाकडे उचलणे | नाही | ठीक |
| एल-थ्री | मांडीचा खालचा भाग, गुडघ्याची आतली बाजू | गुडघा सरळ करणे | गुडघा (एल-फोरबरोबर) | ठीक |
| एल-फोर | नडगीची आतली बाजू, आतला घोटा | पाऊल वर उचलणे | गुडघा | ठीक |
| एल-फाइव्ह | नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, अंगठा | अंगठा वर उचलणे | भरवशाचा नाही | फटीत बधिर. अंगठ्याची ताकद पाचात तीन |
| एस-वन | पावलाची बाहेरची कड, करंगळी, टाच | चवड्यावर उभं राहणे | घोटा | ठीक |

खाली लाल अक्षरात: निष्कर्ष, डावं एल-फाइव्ह मूळ, बहुधा चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी.

विद्यार्थी दरवर्षी एकाच जागी अडायचे. गादी चौथ्या-पाचव्याच्या मधली, मग दाबलं जातं ते पाचवं मूळ कसं? चौथं का नाही? मी आकृत्या काढून थकायचो. एकदा मामा दारात ट्रॉली घेऊन उभे होते, तिथूनच म्हणाले, "सर, मी सांगू का? हा लांब पॅसेज बघा. चौथा आपल्या दारातून आधीच बाहेर पडलाय. पॅसेजमध्ये कपाट आडवं झालं की अडकतो तो मागून येणारा. त्याला पुढच्या दाराने जायचंय ना!"

वर्ग हसला, आणि त्या वर्षी कुणी अडलं नाही. पुढे मीही तेच सांगू लागलो. मामांचं नाव घ्यायचो का? आठवत नाही. बहुधा नाही.

त्या वर्षापासून शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला मामा मुलांनी तपासायची केस झाले. अर्ध्या दिवसाची सुट्टी, दोनदा चहा आणि पडद्याआडच्या टेबलावर पाय सोडून बसायचं. मुलं त्यांना एल-फाइव्हमामा म्हणायची. समोरासमोरच. मामांना ते आवडायचं. घरी मामींना सांगायचे, "आज माझी परीक्षा आहे." मामी म्हणायच्या, "अहो, परीक्षा पोरांची, तुमचा नुसता पाय."

"पाय माझा म्हणूनच तर ती पास होतात," असं त्यांचं उत्तर असायचं.

त्यात खोटं काहीच नव्हतं. घाबरलेला मुलगा हातोडी उलटी धरायचा, तर मामा हळूच खोकायचे. कुणी अंगठा तपासायचा विसरून उठू लागला की मामा अंगठ्याकडे बघत बसायचे. मला दिसायचं. मी दुर्लक्ष करायचो. पोरांना थोडा आधार मिळाला तर काय बिघडलं, असं मला वाटायचं. पण एक गोष्ट मला दिसत नव्हती. अकरा वर्षांत तो तक्ता मामांना पाठ झाला होता. दर शनिवारी ते त्याच्यावरची धूळ पुसायचे, आणि पुसताना वाचायचे.

आता त्या दिवसाचं लिहितो.

आमच्याकडे पद्धत अशी, की परीक्षेच्या सकाळी शिकवणारा परीक्षक प्रत्येक केस तपासतो आणि उत्तराचं कार्ड लिहून बाहेरच्या परीक्षकांच्या हातात देतो. विद्यार्थ्याचं उत्तर त्या कार्डाशी ताडून बघायचं. मामांचं कार्ड मी पहिल्या वर्षी लिहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांना तपासून तेच उतरवलं. तिसऱ्या वर्षापासून नुसती तारीख बदलू लागलो. अकराव्या वर्षीही तारीख बदलली.

मामा त्या दिवशी थकलेले दिसत होते. मी म्हणालो, "काय मामा, झोप नाही का?"

"कंबर जरा धरलीये, सर. आठ-दहा दिवस झाले. ते चालायचंच. बसू का टेबलावर?"

"बसा," मी म्हणालो.

नंबराप्रमाणे सातवी की आठवी आत आली ती एक मुलगी. वर्गात मागे बसणारी, फारसं न बोलणारी. तिला बोलतं करायचं कसं हे मला तीन वर्षांत जमलं नव्हतं, कारण मीही तसाच. मामांनी तिला बघून डोळा मिचकावला. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा. दोन्हीकडे सारखं वाटतं का तेही सांगा."

"मिटले," मामा म्हणाले.

तिने वरून खाली, दोन्ही पायांवर आळीपाळीने कापूस फिरवला. मांडी सारखी, गुडघा सारखा, आतला घोटा सारखा. अंगठ्याच्या फटीत मामा गप्प. बाहेरच्या कडेवर, करंगळीजवळ, मामा म्हणाले, "दोन्हीकडे सारखं."

ती थांबली. तिने पुन्हा तिथे कापूस नेला, पण टेकवलाच नाही.

"सारखं," मामा म्हणाले.

मी ते पाहिलं. शपथेवर सांगतो, पाहिलं. आणि मनात म्हटलं, गोंधळली आहे पोरगी.

मग तिने हातोडी घेतली. गुडघे दोन्ही छान उडाले. घोट्याला उजवीकडे पाऊल टुणकन हललं, डावीकडे काही नाही. तिने मामांना खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मोकळी सोडून बसवलं. "मामा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि ओढा, सुटू देऊ नका." मामांनी दात आवळून ओढलं. उजवं पाऊल हललं. डावं दगडासारखं.

"आता डाव्या चवड्यावर एकट्याने उभे राहा, भिंतीला बोट टेकवून. दहा वेळा टाच वर."

तिसऱ्या वेळेला टाच उठेना.

"दमलोय गं," मामा म्हणाले, "सकाळपासून सगळे माझ्याच पायाला लागलेत."

"उजव्यावर करून बघता?"

उजव्यावर दहा झाले. बाहेरचे परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. अजून पाच मुलं बाकी होती आणि त्यांना दुपारी परत जायचं होतं. ती मुलगी मामांच्या जवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मामा, लघवीला काही त्रास होतो? सुरू व्हायला वेळ लागतो? बसताना खाली बधिर वाटतं?"

मामा लाजले. पन्नाशीला टेकलेला माणूस, पडद्यापलीकडे पोरांची रांग. हसून म्हणाले, "अगं, वयाचं असतं ते. हे पण विचारतात होय परीक्षेत?"

ती आमच्याकडे वळली. "सर, एल-फाइव्ह जुनं आहे. पण एस-वनसुद्धा गेलंय, डावीकडचं. हे नवीन असावं. मणक्याच्या मधोमध दाब येत असेल, लघवीच्या नसांवरही. बसायच्या जागेची संवेदना कुणीतरी तपासायला हवी. आज."

बाहेरच्या परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्डाकडे पाहिलं.

"वयानं घोट्याचे झटके जातात," मी म्हणालो.

"पण उजवीकडे आहे, सर."

 मी आवाज चढवला. मी आवाज चढवणारा माणूस नाही, त्यामुळे तो मलाच परका वाटला. "हा पेशंट मी अकरा वर्षं ओळखतो. एका मुळाची केस आहे. उत्तर एकच असतं. तक्ता पाठ नसेल तर असं होतं."

तिने हातोडी माझ्यापुढे धरली. उद्धटपणे नाही, नुसती धरली. मी एक हात पुढे केला असता तर... पाच सेकंदांचं काम होतं. मी म्हणालो, "पुढचा रोल नंबर."

तिला पास व्हायला लागतात त्यापेक्षा चार गुण कमी दिले. सही माझी.

संध्याकाळी मी खोलीला कुलूप लावत होतो तेव्हा मामा आले. ट्रॉलीशिवाय मामा फार वेगळे दिसायचे, हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळायचं नाही.

"सर, त्या पोरीचं काय झालं?"

"ते सांगता येत नाही, मामा."

"नापास नका करू हो. तिनं नीट तपासलं. आणि ते तिनं शेवटी विचारलं ना..." ते थांबले. "ते जे विचारलं..."

मला घाई नव्हती. घरी कुणी वाट बघत नव्हतं. तरीही म्हणालो, "मामा, तुमचं काम झालं. घरी जाऊन पडा जरा."

"बरं," मामा म्हणाले.

एवढंच. त्या "बरं"चा विचार मी रोज करतो.

चौथ्या दिवशी सकाळी मामी त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. आदल्या दुपारपासून लघवी झालीच नव्हती. पोट फुगून वर आलं होतं आणि तरी दुखत नव्हतं. ते न दुखणंच वाईट. नळी घातली तेव्हा नऊशे मिली निघाली. तीच जुनी गादी, चौथ्या-पाचव्याच्या मधली, आता मध्यभागीच फुटून बाहेर आली होती, आणि खाली जाणाऱ्या सगळ्या नसा एकदम चेपल्या गेल्या होत्या. मामांच्या भाषेत, कपाट पॅसेजमध्ये आडवं नव्हे, उताणं पडलं होतं. पुढच्या कुठल्याच दारापर्यंत कुणाला जाता येत नव्हतं.

दुपारपर्यंत ऑपरेशन झालं. त्यांना ज्या ट्रॉलीवरून नेलं ती लिफ्टच्या पायरीवर आदळली. ढकलणारा माणूस नवा होता. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "उचलायची असते रे."

सर्जननी मला बाहेर येऊन विचारलं, "हे कधीपासून असेल? आधी कुणी पाहिलं होतं का?"

मी म्हणालो, "पाहिलं होतं. एका विद्यार्थिनीने. चार दिवसांपूर्वी."

"मग?"

मी जिन्याकडे वळलो. 

तिसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन त्यांच्या खाटेशी गेलो. डावा घोटा आठ वेळा ठोकला. कशासाठी ते विचारू नका. मामा माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी माझा हात धरला.

"सर, चूक माझी आहे."

"मामा, असं नका..."

"ऐका तर. करंगळीच्या बाजूला मला काही कळतच नव्हतं. आठवडा झाला होता. पण तक्त्यात पाचव्या ओळीत, तिथं 'ठीक' लिहिलंय ना. मी 'नाही' म्हटलं असतं तर पोरीचं उत्तर चुकलं असतं. म्हणून डोळ्यांच्या फटीतून बघून बघून सारखं म्हणत होतो." मग म्हणाले, "बघा की, मी तिला पास करायला गेलो."

मामी पलीकडे उभ्या होत्या. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी ऋणी राहिलो असतो. त्यांनी फक्त पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, थोडं खाऊन घ्या."

मी प्राचार्यांना लिहून दिलं, काय घडलं ते सगळं. त्या मुलीचे गुण निकाल लागण्याआधी बदलले. माझं काय करायचं यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी काहीच झालं नाही. लोक म्हणाले, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. प्रामाणिकपणाचा असा उपयोग होतो हे मला माहीत नव्हतं.

मामा काठी घेऊन चालू लागले. लघवी मात्र परत आली नाही. दिवसातून पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालावी लागायची. ते त्यांना त्याच मुलीने शिकवलं, त्यांच्या घरी जाऊन, मामींना बाहेर बसवून. मामा म्हणाले, "लाज वाटते गं." ती म्हणाली, "त्या दिवशी लाजलात, मामा. आता नाही." हे मला मामींनी सांगितलं. ट्रॉलीचं काम सुटलं. दोन-तीन महिन्यांनी ताप यायचा, लघवीला जंतू लागायचे, भरती व्हायचे, घरी जायचे. असं सहा वर्षं. शेवटच्या तापातून ते उठले नाहीत.

मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीचं. ऑपरेशननंतरच्या वर्षी परीक्षा आली तेव्हा मी मामांना बोलावलं नाही. माझी हिंमत नव्हती. सकाळी आठला बघतो तर काठी टेकत मामा वर्गात. दम लागलेला.

"मला विसरलात, सर?"

"मामा, तुम्हाला आता..."

"आता तर खरी केस झाली," ते म्हणाले. "तुम्ही मला तपासा आणि कार्ड नवं लिहा. जुनं फाडा. माझ्यासमोर."

मी फाडलं. ते टेबलावर चढले. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही, काठीवर भार देऊन स्वतःच चढले. मी कापूस काढला. त्यांनी गळ्यातला रुमाल सोडून स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि मागे गाठ मारली.

"आता बघायचं कारणच नको," म्हणाले. "सुरू करा."

मी वरून सुरू केलं. मांडी.

"हो. सारखं."

गुडघा. आतला घोटा.

"हो. हो."

अंगठ्याची फट.

"नाही."

करंगळीची कड. टाच. मग मी पडदा पूर्ण ओढला आणि जे त्या दिवशी तपासायला हवं होतं ते तपासलं. बसायची जागा, डावी, उजवी, मधली.

"नाही," मामा म्हणत होते. शांतपणे, एकेक जागा, कुठलीही घाई न करता, जसं अकरा वर्षं पोरांना शिकवलं तसं. "नाही. नाही. इथंही नाही, सर."

मी कार्ड लिहायला घेतलं.  मामा रुमाल न सोडता तसेच बसून होते.

"झालं का लिहून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वाचून दाखवा," मामा म्हणाले. "पाचवी ओळ आधी."